दोन शिट्ट्या, मग एक

त्या मैदानावर दोन रेघा होत्या, एक पांढरी आणि एक पिवळी. पांढरीवर उभं राहून बाण मारायचा, पिवळीच्या मागे पाळी येईपर्यंत थांबायचं. दोन्हींच्या मध्ये पाच मीटर जागा. पांढरीपासून दहा मीटरांवर गवत दाबून बांधलेली सहा जाडजूड टार्गेटं, त्यांच्यामागे जाळी, आणि जाळीमागे मातीचा उंच बांध. एवढंच होतं ते मैदान. यात बघण्यासारखं काय आहे असं ज्याला वाटेल, त्याने ताईच्या वर्गात एक सकाळ उभं राहायला हवं होतं.

ताई तिथली शिकवणारी. वय बेचाळीस, अंगकाठी बारीक, आवाज मात्र असा की बांधापर्यंत जाऊन यावा. आठवडाभर ती औषधाच्या दुकानात गोळ्यांची पाकिटं कापून द्यायची, आणि रविवारी सकाळी नव्या माणसांना धनुष्य धरायला शिकवायची. ताई हे नाव तिला वर्गाने दिलं होतं. त्याआधी ती नुसती मास्तरांची मुलगी होती.

मास्तर म्हणजे तिचे वडील. मैदान त्यांचंच म्हणायचं. जागा पडीक होती. बांध त्यांनी घातला, जाळी त्यांनी ताणली, पहिली रेघ त्यांनी मारली. एकतीस वर्षं त्यांनी तिथे शिकवलं. दोरीचा फटका बसून कितीतरी जणांचे हात काळेनिळे झाले असतील, पण बाण लागून कोणाचं रक्त त्या गवतावर सांडलं नाही. मास्तर कधी फुशारकी मारायचे नाहीत. ही एक गोष्ट मात्र ते सांगायचे, आणि सांगताना शर्टाचं वरचं बटण लावायचे.

त्यांच्या कारभारात बोलणं थोडं आणि शिट्ट्या फार. दोन शिट्ट्या झाल्या की धनुष्य घेऊन पांढऱ्या रेघेवर यायचं, बाणाला हात लावायचा नाही. मग मास्तर मनात दहा मोजत आणि त्या दहांत रेघेवरचा प्रत्येक माणूस पायापासून डोक्यापर्यंत बघून घेत. मग एक शिट्टी. आता बाण लावा, ओढा, मारा. ज्याचे तीन बाण संपतील त्याने मागे येऊन धनुष्य स्टँडला अडकवायचं. सगळी धनुष्यं अडकली, रेघेवर कोणी उरलं नाही, की तीन शिट्ट्या. म्हणजे बाण काढायला चला, चालत, पळत नाही. आणि लागोपाठ शिट्ट्या वाजतच राहिल्या, पाच, सहा, सात, तर जिथे असाल तिथे थांबा, ओढलेली दोरी न सोडता हळूच परत आणा, बाण काढून भात्यात ठेवा.

तीन शिट्ट्यांनंतर सर्वांत पुढे मास्तर चालायचे. ते टार्गेटपाशी पोचल्याशिवाय कोणी बाणाला हात लावायचा नाही. ते बाजूला उभे राहत, एक तळवा टार्गेटवर सपाट टेकवत, मागे कोणी उभं नाही ना हे बघत आणि मगच बाण सरळ उपसत. बाणाचं मागचं टोकही डोळा फोडू शकतं, हे त्यांनी हजारो जणांना सांगितलं असेल.

त्यांचा आणखी एक नियम होता. ज्याच्या तोंडात शिट्टी त्याने कोणाचा कोपर धरायचा नाही. शिट्टीवाल्याने अख्खी रेघ बघायची. एकाचा हात सुधारायला गेलं की उरलेले पाच नजरेतून सुटतात. म्हणून बापलेकीची वाटणी ठरलेली. मास्तर शिट्टी वाजवायचे, ताई रेघेवर फिरून खांदे, कोपर, बोटं नीट करायची. वीस वर्षं हे असं चाललं.

मग मास्तर विसरू लागले.

आधी चष्मा, मग किल्ल्या, तसं सगळ्यांचंच होतं. पण एका दुपारी ते स्वतःच्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला आपलंच घर विचारू लागले. आईला त्यांनी तिच्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली आणि आईने ओ दिली, कारण त्यांना खोटं पाडणं तिच्या जिवावर आलं. डॉक्टर म्हणाले, हे आता वाढत जाणार. जे त्यांच्या अंगात मुरलं आहे, त्यात त्यांना राहू द्या. तिथे ते शांत राहतील.

अंगात मुरलेलं म्हणजे मैदान. म्हणून ताई त्यांना रविवारी बरोबर आणू लागली. शिट्टी तिने स्वतःच्या गळ्यात घातली. पिवळ्या रेघेच्या मागे, उजव्या अंगाला, मास्तरांची खुर्ची. आणि खरोखरच, घरी जो माणूस चमचा हातात धरून त्याचं काय करायचं हे आठवत बसे, तो तिथे बसल्या जागेवरून म्हणे, "त्या तिसऱ्याचा पाय बघ गं. रेघेवर ठेवलाय. रेघेच्या दोन्ही अंगांना एक एक पाय हवा." आणि ते बरोबरच असे. तेवढे दोन-अडीच तास आई घरी झोपायची. आठवड्यातली तिची तेवढीच सलग झोप.

तर मास्तरांचं मैदानावर येणं हे असं तिघांच्या गरजेचं होतं. ते बंद होऊ नये, म्हणून ताई देवाची प्रार्थना करत नव्हती, कारण तिला ते जमत नसे. पण खुर्ची मांडताना ती दरवेळी खुर्चीच्या पाठीवर क्षणभर हात ठेवायची.

त्या वर्षीच्या वर्गात बारा जण होते, सहा-सहाच्या दोन तुकड्या. त्यात निवृत्त झालेले एक बस ड्रायव्हर होते, सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायचे. पोट पुढे, मिशा पांढऱ्या, आणि तोंड कधी बंद नाही. पहिल्याच दिवशी दोन शिट्ट्या झाल्या तशी त्यांनी दोरी ओढायला घेतली.

"काका, धनुष्य खाली!" ताई म्हणाली. "दोन म्हणजे नुसतं रेघेवर यायचं."

"अहो ताई, चाळीस वर्षं दोन घंट्या म्हणजे चला आणि एक घंटी म्हणजे थांबा. तुमच्याकडे सगळं उलटंच की."

"इथे कंडक्टर मी आहे."

"मग सुट्टे पैसे नाहीत म्हणून खाली उतरवू नका म्हणजे झालं."

सगळे हसले. मास्तरही हसले. ड्रायव्हरकाकांनी तिथेच मास्तरांशी दोस्ती जोडली. आपली तुकडी रेघेवर नसली की ते खुर्चीशेजारी पिवळ्या रेघेमागे बसत आणि बशीतला अर्धा चहा मास्तरांना देत.

दुसऱ्या होत्या टेलरबाई. बोलायला भित्र्या, बोटांनी मात्र पक्क्या. ताईने सगळ्यांची डोळ्याची परीक्षा घेतली, दोन्ही हातांच्या पंजांमध्ये छोटं भोक ठेवून लांबची एक खूण बघायची आणि एकेक डोळा मिटायचा; ज्या डोळ्याला खूण भोकातच दिसत राहील तो मुख्य. टेलरबाईंचा डावा डोळा मुख्य निघाला. म्हणजे धनुष्य उजव्या हातात, दोरी डाव्या हाताने ओढायची. बाकी पाच जण रेघेवर उजवीकडे तोंड करून उभे राहत, त्या एकट्या डावीकडे. ताईने त्यांना अगदी उजव्या टोकाची, सहावी जागा दिली.

"सगळ्यांची तोंडं माझ्याकडे आणि माझं सगळ्यांकडे," टेलरबाई हळूच म्हणाल्या. "लग्नात फोटोला उभं केल्यासारखं वाटतंय."

"हसू नका फक्त," ड्रायव्हरकाका म्हणाले, "बाण हलतो."

पहिले दोन रविवार ताईने कोणाला बाण दिलाच नाही. पाय खांद्यांइतके फाकवा, वजन दोन्ही पायांवर सारखं, गुडघे ताठ कुलूप लावल्यासारखे नकोत, पाठ सरळ, खांदे खाली. केस बांधा, ओढण्या खोचा, सैल बाह्या दुमडा. दोरीवर तीन बोटं, एक बाणाच्या वर, दोन खाली. बाणाचं वेगळ्या रंगाचं पीस धनुष्यापासून दूर. बाण नसताना दोरी सोडायची नाही, धनुष्य तुटतं. आणि सगळ्यांत जास्त घोटून घेतलं ते उतरवणं. दोरी हनुवटीपर्यंत ओढायची, ताई शिट्ट्यांचा सपाटा लावायची, की न सोडता परत. ओढा, परत. ओढा, परत.

"ताई," ड्रायव्हरकाका वैतागून म्हणाले, "बाण मारायला शिकायला आलो होतो, न मारायलाच शिकतोय."

"न मारणारा आधी तयार होतो, काका. मारणारा मागाहून."

"हे मास्तरांचं वाक्य," खुर्चीतून मास्तर म्हणाले. "माझंच."

"तुमचंच, मास्तर," ताई म्हणाली. मैदानावर ती त्यांना बाबा म्हणत नसे.

त्याच दिवशी ड्रायव्हरकाकांनी वर्ग सुटल्यावर तिला बाजूला घेतलं. "एक सांगू? मघाशी एक शिट्टी झाली तसे मास्तर उठायला लागले. मी बाही धरली, म्हटलं चहा यायचाय. बसले."

"पाय आखडले असतील," ताई म्हणाली. पण पुढच्या वेळी तिने खुर्ची दोन हात मागे सरकवली.

तिसऱ्या रविवारी बाण हातात आले. पहिल्या तुकडीत ड्रायव्हरकाका तिसऱ्या जागेवर, टेलरबाई सहाव्या. बाकीचे सहा जण पिवळ्या रेघेमागे डाव्या अंगाला उभे, आपल्या माणसांचे फोटो काढण्यात दंग. खुर्चीशेजारी कोणी नव्हतं.

ताईने दोन शिट्ट्या दिल्या. सहा जण रेघेवर आले. तिने दहा मोजले, पाय बघितले, बाह्या बघितल्या, टार्गेटांमागचा बांध बघितला. एक शिट्टी दिली.

बाण दोरीला लावले गेले, धनुष्यं उचलली गेली. आणि ताईला दिसलं, की टेलरबाईंचा ओढणारा खांदा कानाला टेकतोय. ती त्यांच्या पाठीमागे गेली. तिथून उरलेल्या पाचांची तोंडं तिला समोर दिसत होती, म्हणून अख्खी रेघ आपल्या नजरेत आहे असं तिला वाटलं. तिने दोन बोटं टेलरबाईंच्या पाठीच्या हाडावर ठेवली. "इथून ओढा. हाताने नाही, इथून."

शिट्टी तिच्याच गळ्यात होती. आणि खुर्ची तिच्या पाठीशी होती.

मास्तर उठले. कापडी बूट, दवाने ओलं गवत, आवाज कसला येतो! ते ताईच्या मागून हातभर अंतराने गेले, पांढरी रेघ ओलांडून पुढे आले, आणि दोन्ही हात पाठीशी बांधून टार्गेटांकडे चालू लागले. एकतीस वर्षं चालत होते तसेच. सावकाश. सर्वांत पुढे.

"थांबा!" ड्रायव्हरकाका ओरडले. "थांबा! थांबा!"

हेही शिकवलेलं होतं. धोका ज्याला दिसेल त्याने ओरडायचं, ताईची वाट बघायची नाही. ताईच्या तोंडात शिट्टी केव्हा गेली हे तिला कळलं नाही, ती वाजतच होती, वाजतच होती. पाच दोऱ्या न सुटता परत आल्या. सहावी सुटली. टेलरबाईंनी मास्तरांना पाहिलं, दचकून धनुष्याचा हात खाली केला, आणि त्या धक्क्यात बोटं उघडली.

बाण गवतात रुतला. मास्तरांच्या टाचेपासून दोन वीत.

मास्तरांनी वळूनही पाहिलं नाही. ते सहाव्या टार्गेटपाशी पोचले, बाजूला उभे राहिले, तळवा गवतावर सपाट टेकवला. मग दुसरा हात तसाच हवेत राहिला.

"सगळे मागे," ताई म्हणाली. आवाज तिचाच होता, पण कुठून आला कोण जाणे. "बाण भात्यात. धनुष्यं स्टँडला. पिवळीच्या मागे." सहाही धनुष्यं अडकल्याचं तिने बघितलं, हात लावून मोजली, आणि मगच ती पुढे गेली. त्या घडीलाही तिने क्रम मोडला नाही. लोकांना ते नंतर आठवलं, आणि काहींना ते कठोर वाटलं.

"बाण कुठायत?" मास्तरांनी तिला विचारलं.

"मारलेच नाहीत अजून."

"मग बाण काढायची शिट्टी कशाला दिलीस?"

"नाही दिली, मास्तर. आधी दोन दिल्या. मग एक."

"तेच म्हणतोय मी," मास्तर शांतपणे म्हणाले. "तीन."

ताईला तेव्हा उमगलं. मधले दहा गेले होते. दोन आणि एक यांच्यामध्ये जी जागा त्यांनी स्वतः ठेवली होती, माणसं बघून घ्यायला, ती त्यांच्या डोक्यातून पुसली गेली होती. आता त्यांच्या कानात दोन आणि एक मिळून तीनच होत होते, दर वेळी, आणि तीन म्हटलं की पाय चालू लागत.

टेलरबाई गवतात बसून रडत होत्या. "मी माणूस मारला असता, ताई. माझ्या हाताने."

"तुमच्या नाही," ताई म्हणाली. "रेघ माझी होती. शिट्टी माझ्याकडे होती आणि मी तुमचा खांदा धरून उभी होते. लक्षात ठेवा, चूक माझी होती." हेच तिने बारा जणांसमोर उभं राहून पुन्हा सांगितलं, आणि त्या दिवसाचा वर्ग तिथेच संपवला.

घरी आईला तिने सगळं सांगितलं. आई भाजी निवडत होती. तिने हातातली काडी मोडली, पुन्हा मोडली, तिचे चार तुकडे केले.

"मग शिट्ट्या बदल ना," आई म्हणाली. "तोंडाने सांग. त्यांना नको कळू दे."

ताईलाही तेच वाटलं होतं. मंगळवारी दुकान लवकर सुटलं तेव्हा ती मास्तरांना घेऊन रिकाम्या मैदानावर गेली. ड्रायव्हरकाकांना बोलावून घेतलं. धनुष्य नाही, बाण नाही, काका नुसतेच रिकाम्या हातांनी रेघेवर उभे. मास्तर खुर्चीत.

"रेघेवर या," ताई म्हणाली. मनात दहा मोजले. "मारा."

काकांनी हवेतच बाण ओढल्यासारखं केलं. मास्तर बसून राहिले. ताईचा श्वास जरा मोकळा झाला. तेवढ्यात मास्तरांनी शर्टाच्या खिशात हात घातला. जुनी पितळी शिट्टी काढली. ती त्यांच्याजवळ अजून आहे हे घरात कोणाला माहीत नव्हतं.

"शिट्टी विसरलीस, पोरी," ते म्हणाले, आणि त्यांनी तीन वाजवल्या. ठणठणीत. मग उठले आणि चालू लागले.

ड्रायव्हरकाकांनी हात खाली घेतले.  मग म्हणाले, "मी धरून बसत जाईन ना त्यांना. माझी पाळी नको. मी नाही मारत बाण, माझं काय अडलंय!"

"काका, तुम्ही किती वेळ धराल? तुम्हाला शिंक आली तर?"

"शिंकणार नाही."

ताई हसली, आणि हसता हसता तिने तोंड फिरवलं.

शिट्टी काढून घेता आली असती. खुर्ची कुंपणाबाहेर ठेवता आली असती, पण कुंपण कंबरेइतकंच होतं, आणि त्याचं फाटक मास्तरांनीच बसवलेलं. माणसाला खुर्चीला बांधायचं तर मग मैदानावर आणायचंच कशाला? ताईने सगळं उलटंसुलटं करून बघितलं. दर वेळी शेवटी एक जागा अशी उरायची, की तिथून मास्तर निसटून पुढे चालू लागायचे.

शनिवार आला. संध्याकाळी मास्तर ओट्यावर बसले होते, ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. मन थाऱ्यावर असलं की त्यांचा चेहरा जुना दिसायचा, आणि त्या वेळी तो जुना दिसत होता.

"मास्तर, एक विचारायचंय."

"विचार."

"वर्गात एक माणूस आहे. बाण सुटायच्या वेळेला रेघ ओलांडून पुढे जातो. मुद्दाम नाही. त्याला कळत नाही."

मास्तर ताठ बसले. "कोणाला लागलं?"

"नाही. दोन वीत चुकला."

"दोन वीत!" मास्तरांनी शर्टाचं वरचं बटण चाचपलं. "समजावलंस?"

"समजावलं. त्याच्या ध्यानात राहत नाही."

"मग त्याला आत घ्यायचं नाही. विषय संपला."

"चांगला माणूस आहे, मास्तर. त्याला तिथे फार बरं वाटतं. दुसरं काही राहिलं नाही त्याला."

"पोरी, उद्या त्याला बाण लागेल. तो मरेल, आणि ज्याचा बाण लागेल तोही मेल्यासारखा जगेल. एकाला बरं वाटतं म्हणून?" त्यांचा आवाज चढला होता. मग तो खाली आला. "त्याच्या घरी कोणी आहे का?"

"बायको आहे. एक मुलगी आहे."

"त्या मुलीला सांग. नीट सांग, ओरडू नकोस. म्हणावं, सांभाळा त्याला. असं माणूस सांभाळणं सोपं नाही." त्यांनी तिच्या गुडघ्यावर थोपटलं. "तुला जड जातंय ना सांगायला?"

ताईने मान हलवली.

"जड जाणारच. तरी सांग."

रविवारी सकाळी मास्तर नेहमीसारखे तयार होऊन दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, कापडी बूट, नाडी दोनदा बांधलेली. ताईने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि खरं ते सांगितलं. तो माणूस तुम्ही आहात, मास्तर. रेघ तुम्ही ओलांडली. आत घेऊ नको असं तुम्हीच सांगितलंत.

मास्तर बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. एखादी लांबची खूण बघावी तसे. मग ते वाकले. "मग मी कसा येणार," असं म्हणाले, आणि स्वतःच्या हातांनी बुटाची नाडी सोडू लागले. गाठ सुटेना. ताईने हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला केला.

त्या दिवशी मैदानावर नवी वाटणी झाली. ताईने शिट्टी ड्रायव्हरकाकांना दिली. आदल्या दोन दिवसांत त्यांना त्यासाठी घोटून घेतलं होतं. एवढ्या वर्षांचं घंट्यांचं वळण मोडून ते दोन देत, ओठ हलवत दहा मोजत, एक देत, आणि एवढे गंभीर होत की लोकांना त्यांची ओळख पटेना. टेलरबाई आल्या होत्या, पण धनुष्याला हात लावेनात. ताई त्यांच्या पाठीशी उभी राहिली. "ओढा," म्हणाली. "सोडू नका. परत आणा. आता पुन्हा." दहा वेळा त्यांनी दोरी ओढली आणि परत आणली. अकराव्या वेळी बाण लावल्यावर ताई म्हणाली, "आता सोडा." बाण टार्गेटच्या खालच्या काठाला लागला. टेलरबाईंनी रुमालाने नाक पुसलं आणि दुसरा बाण लावला.

इथे गोष्ट संपली असती तर बरं होतं. पण मास्तरांच्या मनात ती टिकली नाही. दुपारपर्यंत सगळं पुसलं गेलं. पुढच्या रविवारी ते पुन्हा दारात, बूट घालून. ताईने पुन्हा सांगितलं, आणि त्यांनी ते पुन्हा पहिल्यांदाच ऐकलं. पुन्हा तेवढाच वेळ बघत राहिले. पुन्हा वाकून नाडी सोडली. त्याच्या पुढच्या रविवारी ते म्हणाले, "मी? माझ्या मैदानावर?" आणि दुपारपर्यंत बूट पायातच ठेवून बसले. चौथ्या रविवारी त्यांनी विचारलं, "कोणाला लागलं का?" आणि नाही म्हटल्यावर भिंतीकडे तोंड करून बसले, दुपारी जेवायलाही उठले नाहीत.

आई त्या दिवशी ताईवर चिडली. इतकी ती कधी चिडत नसे.

"दर रविवारी त्या माणसाला आरोपी करून उभं करतेस. सांग ना, आज सुट्टी आहे म्हणून. तुझं काय जातं?"

"खोटं सांगू त्यांना? मैदानाबद्दल?"

"हो, मैदानाबद्दल. मी नाही का बहिणीचं नाव ऐकून ओ देत? मला काय आवडतं ते?"

 घरातल्या शंभर गोष्टींत ताई मास्तरांना थापा मारत आली होती. औषधाला साखर म्हणाली होती. पण रेघ उघडी आहे की बंद, म्हणजे आज बाण मारायचे की नाही, हे त्या माणसाला खोटं सांगायचं म्हणजे त्याला मास्तर म्हणणं सोडायचं. तिला ते कळत होतं, म्हणून तिची जीभ रेटत नव्हती.

पाचव्या रविवारी पहाटेपासून वारा नव्हता. नव्या माणसांना शिकवायला फार चांगला दिवस. मास्तर दारात उभे होते, बूट घातलेले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. आई आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी होती आणि ताईकडे बघत नव्हती.

"चल," मास्तर म्हणाले. "उशीर नको."

ताई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यांची कॉलर एका बाजूने आत दुमडली होती, ती तिने बाहेर काढली.

"आज सुट्टी आहे, बाबा," ती म्हणाली.

"सुट्टी?"

"हो."

"बरं." त्यांनी लगेच मानलं. जरा विचार केला. "सगळ्यांना कळवलंस ना? लोक लांबून येतात. उगाच हेलपाटा नको."

"कळवलं."

"मग ठीक आहे," मास्तर म्हणाले आणि आत जाऊन आईच्या शेजारी बसले. आईने त्यांचा एक पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि बुटाची नाडी सोडायला सुरुवात केली.

ताई मागच्या दाराने निघाली. चपलांचा आवाज होऊ नये म्हणून त्या हातात घेतल्या. गल्लीचं वळण येईपर्यंत ती तशीच अनवाणी चालत गेली. मैदानावर बारा माणसं तिची वाट बघत उभी होती.